पाळी जाताना सांधे का धरतात? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आजच्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हा भाग आईला किंवा मावशीला पाठवायचा आहे त्यांच्यासाठीही.

घरात हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल: "सकाळी उठलं की बोटंच वळत नाहीत गं." बाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांनी. रात्री मध्येच घाम येतो, झोप मोडते. त्यात गुडघे, मनगटं, खांदे दुखायला लागतात. बांगडी चढत नाही, कुकरचं झाकण फिरवताना अंगठ्यात कळ येते. यावर उत्तर मिळतं ते एकच: "वय झालं आता."

या दुखण्याचा पाळी जाण्याशी खरंच संबंध आहे का? डॉक्टर मंडळींना याचं उत्तर मिळायला फार वेळ लागला. आणि ते ज्या वाटेनं मिळालं, ती वाट पाहिली की आज काय तपासायचं आणि काय करायचं हेही कळतं.

सुरुवात थेट ग्रीसपासून करू. साधारण २४०० वर्षांपूर्वीचा वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर एक सूत्रसंग्रह आहे. त्यात गाऊटबद्दल एक निरीक्षण येतं. गाऊट म्हणजे पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजतो ते दुखणं. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हे होत नाही, अशा अर्थाचं ते सूत्र आहे. नियम म्हणून ते अगदी शंभर टक्के खरं नाही, पण दिशा बरोबर होती. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, युरिक ॲसिड वाढतं, आणि मग बायकांनाही गाऊट होऊ लागतो. म्हणजे पाळी आणि सांधे यांचा काहीतरी धागा आहे, हे फार जुन्या काळी कुणीतरी टिपलं होतं. कारण मात्र माहीत नव्हतं.

'मेनोपॉज' हा शब्दसुद्धा तसा अलीकडचा. तो गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८२१ मध्ये रूढ केला. पुढे शंभर वर्षांनी, १९२५ मध्ये, न्यूयॉर्कचे दोन डॉक्टर, रसेल सेसिल आणि बेंजामिन आर्चर, यांनी ५० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांनी या दुखण्याला सरळ नावच दिलं: 'मेनोपॉजचा संधिवात'.

पण या नावात एक अडचण होती. पन्नाशीच्या आसपास पाळी जाते, आणि त्याच वयात सांध्यांची झीजही दिसू लागते. वजन वाढतं, थायरॉईडचे त्रास सुरू होतात. मग दुखणं नेमकं कशामुळे? दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं म्हणता येत नाही. त्यामुळे हे नाव मागे पडलं, आणि बाईच्या वाट्याला पुन्हा तेच "वय झालं" आलं.

उत्तर आलं ते भलतीकडूनच, स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारातून. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन जवळजवळ येईनासं होतं, पण शरीरातली चरबी आणि इतर पेशी थोडं थोडं बनवत राहतात. काही प्रकारचा कर्करोग या उरल्यासुरल्या इस्ट्रोजेनवर वाढतो. म्हणून ते बनणंच बंद करणारी औषधं आली: लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल ही त्यातली नावं. कर्करोगावर ती चांगली लागू पडली. पण बायका सांगू लागल्या की बोटं आखडतात, मनगटं दुखतात, सकाळी अंथरुणातून उठवत नाही. पुढच्या पाहण्यांमध्ये ही औषधं घेणाऱ्या साधारण निम्म्या बायकांनी सांधेदुखी सांगितली. औषध थांबवलं की बऱ्याच जणींचं दुखणं कमी व्हायचं.

इथे वय तेच, वजन तेच. काही महिन्यांत बदललं ते फक्त इस्ट्रोजेन. २००५ मध्ये फेल्सन आणि कमिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी हा मुद्दा मांडला, की इस्ट्रोजेन झपाट्यानं घटल्यानं सांधे दुखू शकतात. २०२४ मध्ये तर मेनोपॉजच्या काळातल्या सांधे-स्नायूंच्या अशा तक्रारींना एकत्र एक नाव द्यावं, असाही प्रस्ताव आला. थोडक्यात, आई सांगते ते दुखणं खरं आहे. ते तिच्या मनाचे खेळ नाहीत.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या की झालं? इथे थांबा. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीत, गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिल्यावर सांधेदुखी कमी झाली, पण अगदी थोडी. म्हणून नुसत्या सांधेदुखीसाठी हार्मोन सुरू करत नाहीत. अंगातून वाफा निघणं, घाम, मोडणारी झोप यांचा त्रास फार असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ते घेता येतं, आणि मग सांध्यांना थोडा आराम पडला तर तो वरचा फायदा. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर ही वाट बहुधा बंद असते.

आता खरा धोका कुठे आहे ते बघू. "वय झालं" म्हणून दुर्लक्ष करणं ही एक चूक. "मेनोपॉजचंच आहे" म्हणून न तपासणं ही दुसरी. कारण आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बायकांमध्ये नेमका याच वयात बऱ्याचदा सुरू होतो. आपण मराठीत सगळ्यालाच 'वात' म्हणतो, पण झिजेचा वात वेगळा आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. वर्ष-दोन वर्षं तशीच गेली तर झालेलं नुकसान भरून येत नाही.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन बहिणी, एक अठ्ठेचाळीसची, दुसरी शेहेचाळीसची. दोघींची पाळी अनियमित, दोघींची बोटं सकाळी आखडतात.

थोरलीची बोटं कोमट पाण्यात भांडी घासता घासता पंधरा-वीस मिनिटांत मोकळी होतात. दुखणं आज मनगटात, उद्या गुडघ्यात. सूज दिसत नाही. बोटाच्या टोकाच्या सांध्यावर एक कडक गाठ आली आहे. ती झिजेची खूण.

धाकटीचे हात सकाळी दहापर्यंत सैल होत नाहीत. दोन्ही हातांना सारखंच, आणि तेही बोटांच्या मुळाशी. मूठ वळली की टेंगळांच्या मधे खळगे दिसतात ना, ते तिच्या हातावर सुजेनं भरून गेले आहेत. कुणी हात मिळवताना पंजा आडवा दाबला तर ती कळवळते. सात आठवडे झाले, थकवाही खूप आहे.

थोरलीला घाई नाही, साध्या तपासण्या पुरतील. धाकटीनं मात्र संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे, लवकर जायला हवं. अर्धा-एक तास टिकणारा आखडलेपणा, दिसणारी सूज, आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप असला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासण्या कोणत्या? सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी यांवरून अंगात दाह आहे का याचा अंदाज येतो. टीएसएच थायरॉईडसाठी, कारण थायरॉईड मंदावलं तरी अंग आणि सांधे दुखतात. साखर बघायची, कारण मधुमेहात खांदा धरतो. ड जीवनसत्त्व आपल्याकडे बऱ्याच जणांचं कमी निघतं. सूज असेल तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. पण आरए फॅक्टर धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो, आणि निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असंही ठरत नाही. रिपोर्टपेक्षा हात तपासणारा डॉक्टर महत्त्वाचा. मागच्या काही महिन्यांत चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा. तो ताप उतरल्यावरही सांधे महिनोन्‌महिने दुखतात. आणि पंचेचाळिशीनंतर मेनोपॉज ओळखायला हार्मोनची तपासणी बहुधा लागत नाही. पाळीच्या तारखा पुरतात.

थोरलीनं काय करायचं? उत्तर पुन्हा त्या कर्करोगाच्या औषधांकडूनच येतं. ती औषधं घेऊन सांधे दुखणाऱ्या १२१ बायकांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. एका गटानं आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम केला आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं. वर्षभरात त्यांचं दुखणं जवळपास तीस टक्क्यांनी कमी झालं. नेहमीसारखं राहिलेल्या गटाचं झालं नाही. त्या बायकांचं इस्ट्रोजेन तर औषधानं दाबलेलंच होतं. तरीही फरक पडला.

घरी सुरुवात अशी करता येते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. जरा थांबून पुन्हा दहा, असे तीन फेरे. भिंतीला हात लावून दंड मारल्यासारखं दहा वेळा. एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली. आठवड्यातून दोन दिवस. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे भरून आले तर चालेल. सांधा सुजला तर कमी करा. वजन जास्त असेल तर थोडंसं उतरलं तरी गुडघ्याला कळतं, कारण एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो.

हाताला आणि गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल चोळणं हा गोळ्यांपेक्षा सुरक्षित पर्याय आहे. त्याच जातीच्या गोळ्या रोज मनानं घेतल्या तर पोट, मूत्रपिंड आणि ब्लडप्रेशर यांना त्रास होतो. आणि ज्या पुडीवर नाव-घटक काही लिहिलेलं नाही, पण दोन दिवसांत जादू होते, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. ती घ्यायला लागला असाल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आज घरी एवढं विचारा: सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागतात? आठवडाभर ती मिनिटं फोनवर लिहून ठेवा, आणि हात सुजलेला दिसला तर मुठीचा एक फोटो काढा. डॉक्टरांच्या टेबलावर एवढी माहिती असली की "वय झालं" म्हणून विषय संपवणं त्यांनाही अवघड जाईल. भेटू पुढच्या भागात.