तीन अक्षरांत मावणारे स्वप्न
ग्रामीण उद्योजकांच्या कार्यक्रमाला नाव देताना बीडच्या बोलीचा विचार का करावा लागतो?

नवउद्योगांना ठराविक मुदतीत मार्गदर्शन, बाजारपेठ आणि भांडवलाची ओळख करून देणाऱ्या कार्यक्रमाला उद्योगजगतात ‘अ‍ॅक्सिलरेटर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘प्रवेगक’ असा प्रतिशब्द आहे. मात्र तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकाबाहेर क्वचितच पडला. त्यामुळे असा कार्यक्रम ग्रामीण भागात नेताना पहिला प्रश्न नावाचाच उभा राहतो.

मराठवाड्यापुरते पाहिले तरी नावाच्या तीन तऱ्हा दिसतात. अंबाजोगाई येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘मानवलोक’ या संस्थेचे नाव म्हणजे ‘मराठवाडा नवनिर्माण लोकायत’ या शब्दांचा संक्षेप होय. विस्तार ठाऊक नसलेल्या माणसालाही त्यातून माणसांशी संबंधित काहीतरी आहे, एवढे कळतेच. छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजकांच्या संघटनेने उभ्या केलेल्या ‘मराठवाडा अ‍ॅक्सिलरेटर फॉर ग्रोथ अँड इन्क्युबेशन कौन्सिल’चा संक्षेप ‘मॅजिक’ असा होतो. नाव चटकन लक्षात राहते. पण गावात ‘मॅजिक’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे प्रवासी वाहतुकीची छोटी गाडी येते. तिसरी तऱ्हा राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची. २०११ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचे लांबलचक नाव मागे पडले आणि ‘उमेद’ तेवढे रूढ झाले.

या तिन्हींत ‘उमेद’ हे नाव सर्वांत सरस ठरते. मूळ फारसी असलेला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्यात आशा तर आहेच, शिवाय ‘उमेदवारी करणे’ म्हणजे एखाद्याच्या हाताखाली राहून काम शिकणे, हा जुना अर्थही दडलेला आहे. शिकत शिकत उभे राहणाऱ्या उद्योजकाला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. उणीव एकच, जम्मू-काश्मीरमधील याच स्वरूपाचे अभियानही जवळजवळ याच नावाने ओळखले जाते आणि रोमन लिपीत हा शब्द Umed, Umeed, Ummeed असा अनेक प्रकारे लिहिला जातो. संगणकावर शोधणाऱ्याची त्यामुळे फसगत होऊ शकते.

आता बीड जिल्ह्यातील उद्योजकांसाठी असेच नाव शोधायचे, असे समजू. शहरातील बैठकीत सहज सुचणारे शब्द येथे एकेक करून गळू लागतात. ‘उचल’ हा शब्द कागदावर उन्नतीचा वाटतो. परंतु ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी हंगामभर राबून फेडायची असते. कर्जातून बाहेर काढू पाहणाऱ्या कार्यक्रमाला हे नाव देणे म्हणजे क्रूर विनोदच ठरेल. उद्योजकांच्या तुकडीला ‘टोळी’ म्हणण्यातही तीच अडचण आहे. ‘वाट’ छोटा आणि गोड शब्द खरा. पण एखादा व्यवसाय बुडाला की ‘वाट लागली’ हे वाक्य तयारच असते. ‘भरारी’ उच्चारताच परीक्षा केंद्रावर धडकणारे पथक आठवते. ‘पेरणी’ चांगला शब्द आहे, मात्र पाऊस दडी मारल्यावर दुबार पेरणीचा खर्च सोसलेल्या शेतकऱ्याला त्यात आशेइतकीच धास्तीही ऐकू येते.

स्थळाचे नाव घ्यावे, तर ‘बालाघाट’ पुढे येते. येथील सीताफळामुळे ही डोंगररांग परिचित आहे; पण याच नावाचा जिल्हा मध्य प्रदेशात आहे, आणि नावात आकांक्षाही नाही.

उरतो ‘झेप’. दोन अक्षरे, एकही जोडाक्षर नाही आणि अर्थ उघड. परंतु हा शब्द इतक्या संस्था व उपक्रमांनी वापरला आहे की केवळ ‘झेप’ची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळवणे अवघड जावे. नोंदणीच्या वेळी अक्षरांबरोबर उच्चारातील साम्यही पाहिले जाते. प्रशिक्षणासाठी एकेचाळिसावा आणि व्यवसायविषयक सेवांसाठी पस्तिसावा वर्ग असल्याने निदान या दोन वर्गांत आधी शोध घ्यावा लागतो. ‘ग्रामीण उद्योजक’सारखे केवळ वर्णन करणारे नाव तर कायदा सहसा एकट्याच्या मालकीचे होऊ देत नाही.

नाव निवडण्यापूर्वी त्याची चाचणी घेणे फारसे खर्चाचे नाही. बचत गटाच्या बैठकीत ते एकदाच, कोणतेही स्पष्टीकरण न देता उच्चारावे आणि ‘हे कशाचे नाव असेल?’ एवढेच विचारावे. कोणी हसले, तर का हसले हे जाणून घ्यावे. त्या हसण्यात बहुधा बोलीतला दुसरा अर्थ असतो. दोन दिवसांनी त्याच महिलांना नाव आठवते का, आणि ऐकून ते मोबाइलवर कसे टंकतात, हे पाहावे. पाच जणींनी पाच प्रकारे लिहिले, तर नाव कितीही सुंदर असले तरी ते बाजूला ठेवलेले बरे.