विहिरीची खोली : दगड व ध्वनी यांवरून

विहिरीच्या काठावरून दगड सोडल्यापासून तो आपटल्याचा आवाज कानी येईपर्यंतचा वेळ मोजून खोली काढण्याची पद्धत. विहिरीत पाणी असल्यास काठापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मिळते. तळ किती खोल आहे ते कळत नाही.

सूत्र : मोजलेल्या वेळेत (T) दोन भाग असतात. पहिल्या भागात दगड वाढत्या वेगाने खाली जातो, दुसऱ्या भागात आवाज स्थिर वेगाने वर येतो. म्हणून

T = √(2h/g) + h/v

येथे h खोली, g गुरुत्वीय प्रवेग आणि v ध्वनीचा वेग आहे. खोली एकदा वर्गमुळात व एकदा सरळ येत असल्याने हे वर्गसमीकरण होते. आधी दगडाच्या पतनाचा वेळ (t) काढणे सोयीचे असते :

t = (√(v² + 2gvT) − v)/g,  h = ½gt²

वर्गसमीकरणाचे दुसरे उत्तर ऋण वेळ देते, म्हणून ते सोडून देतात. हवेतील ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो : ०° से. ला तो सेकंदाला सुमारे ३३१ मी. असून दर अंशामागे साधारण ०.६ मी. वाढतो. विहिरीतील हवा बाहेरच्यापेक्षा थंड असेल, तर तेथील तापमान धरावे.

उदाहरण : जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात एल्ब नदीकाठच्या क्योनिगश्टाइन किल्ल्यावरील विहीर १५२.५ मी. खोल आहे. इलेक्टर ऑगस्टस याच्या कारकिर्दीत, खाणतज्ज्ञ मार्टिन प्लानर याच्या देखरेखीखाली ती १५६३ ते १५६९ या काळात खडकात खोदली गेली. तोपर्यंत किल्ल्यावरील शिबंदी टाक्यांतील पाण्यावर अवलंबून होती.

विहीर कोरडी आहे, दगड थेट तळावर आपटतो आणि हवेचा विरोध नाही, असे क्षणभर धरू. g = ९.८१ मी./से.२ आणि १०° से. ला v = ३३७ मी./से. घेतल्यास दगडाला ५.५८ से. व आवाजाला ०.४५ से. लागतात; एकूण ६.०३ से. आवाजाचा वेळ विसरून हे सारे ६.०३ से. पतनाचे मानले, तर खोली १७८ मी. येते, म्हणजे २६ मी. जास्त. ही चूक शेकड्यात किती, याचा अंदाज सोपा आहे : आपटतानाचा दगडाचा वेग भागिले ध्वनीचा वेग. येथे ५५ भागिले ३३७, म्हणजे सुमारे १६ टक्के. प्रत्यक्ष चूक १७ टक्के.

हवेचा विरोध : पाठ्यपुस्तकांतील गणित बहुधा येथेच थांबते. सुमारे ५ सेंमी. व्यासाचा गोल दगड घेतला, तर हवेच्या विरोधामुळे त्याला १५२.५ मी. अंतर पडायला ५.५८ ऐवजी सुमारे ६.० से. लागतील. हा उशीर आवाजाच्या वेळेएवढाच आहे. आवाज कानी येईपर्यंत एकूण ६.४७ से. लागतील. त्यावरून आवाज न वजा करता खोली २०५ मी. आणि आवाज वजा करून १७४ मी. निघेल. म्हणजे आवाजाची दुरुस्ती करूनही २१ मी. ची चूक उरते आणि ती नेहमी खोली वाढवूनच दाखवते. त्याच खडकाचा दुप्पट व्यासाचा दगड वापरल्यास हवेमुळे होणारा उशीर निम्म्यावर येतो, म्हणून मोठा, जड आणि गोलसर दगड निवडतात. ओबडधोबड दगडावरील विरोध नेमका सांगता येत नसल्याने वरील आकडे अंदाजे समजावेत.

उथळ विहिरी : महाराष्ट्रातील शेतात पाणी १५ मी. खाली असल्यास परिस्थिती उलट होते. दगड १.७५ से. त पडतो, आवाज अवघ्या ०.०४ से. त परततो. तो विसरल्यास खोली पाऊण मीटरने जास्त येते. पण स्टॉपवॉच दाबताना ०.१ से. इकडेतिकडे झाले, तरी उत्तर सुमारे १.६ मी. ने हलते. येथे दुरुस्तीपेक्षा मोजणीची शिस्त महत्त्वाची ठरते : एकाच माणसाने अनेक वेळा मोजून सरासरी काढावी.

चुकीच्या मोजणीची लक्षणे : दगड हातातून नुसता सोडावा, खाली भिरकावल्यास वेळ कमी भरतो. बांधकामाला घासून गेलेल्या दगडाचा आधी एक टणत्कार ऐकू येतो, मग पाण्याचा आवाज. अशी नोंद रद्द करावी. लागोपाठच्या मोजण्यांत ०.३ से. हून अधिक फरक पडत असेल, तर दगड भिंतीला लागतो आहे किंवा सोडण्याची पद्धत बदलते आहे, असे समजावे.

इतिहास : मुक्त पतनाचा वेळ-वर्ग नियम गॅलिलीओच्या १६३८ च्या ग्रंथात आहे.

उपयोग : मुख्यतः अध्यापनात. प्रत्यक्ष मोजणीसाठी वजन बांधलेली दोरी अधिक भरवशाची.