पाच सेकंदांची चोरी, चोरी असते का?

मागच्या आठवड्यात इंदापूरहून बारामतीला येताना एसटीत शेजारी बसलेला मित्र त्याच्या दुकानाची रील दाखवत होता. मागे एका गाजलेल्या रॉक गाण्याची गिटारची रिफ, म्हणजे सारखी सारखी वाजणारी ओळखीची छोटी धून, कीबोर्डवर वाजवून घेतलेली. मी विचारलं, "परवानगी?" तो म्हणाला, "अरे, पाच सेकंदच आहेत, तेवढं चालतं!"

चालतं का? आपल्या मुंबई हायकोर्टात याचं उत्तर 2008 मध्येच मिळालंय. संगीतकार राम संपत यांनी सोनी एरिक्सनच्या जाहिरातीसाठी 'थम्प' नावाची धून केली होती. 'क्रेझी 4' सिनेमाच्या गाण्यांत त्यांना तीच धून ऐकू आली. त्या गाण्यांचे संगीतकार होते राजेश रोशन. समोरच्या बाजूचं म्हणणं आपल्या मित्रासारखंच होतं: एवढ्या मोठ्या गाण्यात हा तुकडा तो केवढा!

न्यायमूर्ती डी. जी. कर्णिक यांनी दोन्ही रचना ऐकल्या. त्यांनी नुसते सेकंद मोजले नाहीत. घेतलेला तुकडा त्या रचनेचा जीव आहे का, आणि संगीत न शिकलेल्या माणसाला ऐकताना 'अरे, हे तर तेच' असं वाटतं का, हे पाहिलं. उत्तर संपत यांच्या बाजूने आलं. सिनेमा 11 एप्रिलला लागणार होता आणि त्याच्या दोनच दिवस आधी ती गाणी वापरायला मनाई झाली. शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. बातम्यांत आकडा आला 2 कोटी रुपयांचा.

मग थोडं जरी सारखं वाटलं तरी केस हरणार? तसंही नाही. लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात स्पिरिट बँडच्या 'टॉरस'वरून घेतली, असा दावा अमेरिकेत झाला होता. 2016 मध्ये ज्युरीला मूळ रेकॉर्ड ऐकवलंच नाही. जुन्या कायद्यानुसार संरक्षण फक्त नोंदवलेल्या नोटेशनच्या कागदाला होतं, त्यामुळे त्यावरून वाजवून दाखवलं. झेपलिनचं म्हणणं होतं की पायरी पायरीने खाली उतरणारी अशी स्वरांची ओळ शतकानुशतकं वापरात आहे. झेपलिन जिंकले, आणि 2020 मध्ये वरच्या कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला.

आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत सांगतो. फॉर लूप कुणाच्या बापाचा नाही, तो कुणीही लिहावा. पण त्यातून कुणी स्वतःचं काही बांधलं असेल, तर त्यातला मुख्य भाग उचलता येत नाही, मग तो चारच ओळींचा का असेना.

म्हणून कोर्टात प्रश्न दोन: जे घेतलं ते त्या माणसाचं स्वतःचं होतं का? आणि त्या रचनेचा जीव त्यातच होता का?

मित्राला मी एवढंच म्हणालो, "ही रिफ ऐकून गिऱ्हाईक लगेच गाणं ओळखणार, म्हणून तर तू ती घेतलीस ना? मग तूच सांग."

बारामती स्टँड येईपर्यंत त्याने रीलचा आवाज बंद केला होता.