घाईत चुका का होतात? ड्रिफ्ट डिफ्यूजन मॉडेल काय सांगतं?

स्क्रीनवर शेकडो ठिपके भिरभिरत असतात. त्यातले थोडे एकाच दिशेने सरकतात, बाकीचे कसेही. एकूण ओघ डावीकडे आहे की उजवीकडे, हे बटण दाबून सांगायचं. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतली ही नेहमीची चाचणी. लवकर उत्तर द्या म्हटलं की चुका वाढतात, अचूक द्या म्हटलं की वेळ वाढतो. असं का, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या ड्रिफ्ट डिफ्यूजन मॉडेलमधून मिळतं.

पुरावा कसा साठतो?

मेंदू एका झलकेवर निर्णय घेत नाही. तो क्षणाक्षणाला पुरावा गोळा करतो. समजा, एक काटा मधोमध आहे. डावीकडचा पुरावा मिळाला की तो डावीकडे सरकतो, उजवीकडचा मिळाला की उजवीकडे. दोन्ही टोकांना एकेक सीमारेषा आहे. काटा जिला आधी टेकेल, ते आपलं उत्तर. काटा सरासरी ज्या वेगाने बरोबर उत्तराकडे सरकतो, तो 'ड्रिफ्ट'. ठिपके स्पष्ट असतील तर तो जास्त असतो. पण प्रत्येक क्षणाचा पुरावा गोंगाटाने भरलेला असल्यामुळे काटा डगमगतो, आणि कधीकधी चुकीच्या रेषेला टेकतो.

वेग की अचूकता?

घाई असली की आपण या रेषा जवळ आणतो. मग काटा लवकर टेकतो, पण एखादा हेलकावाही त्याला चुकीच्या बाजूला नेऊ शकतो. रेषा लांब ठेवल्या तर हेलकावे एकमेकांना खोडून काढतात आणि खरा ओघ जिंकतो.

मॉडेलच्या सूत्रात नेहमीच्या वापरातले आकडे घालून पाहू. बघण्यात आणि बटण दाबण्यात जाणारा वेळ ०.३ सेकंद धरला, तर रेषा जवळ असताना सरासरी ०.४३ सेकंदात ८३ टक्के उत्तरं बरोबर येतात. अंतर दुप्पट केलं की ०.६७ सेकंदात ९६ टक्के. तिप्पट केलं की ०.८९ सेकंदात ९९ टक्के. म्हणजे पहिल्या पाव सेकंदाने १३ टक्क्यांची कमाई झाली, पुढच्या जवळपास तेवढ्याच वेळाने फक्त ३ टक्क्यांची.

याचा उपयोग काय?

ज्येष्ठ नागरिक अशा चाचण्यांत हळू उत्तरं देतात, म्हणून त्यांची बुद्धी मंदावली असं मानलं जायचं. रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांना अनेक चाचण्यांत वेगळंच दिसलं. ज्येष्ठांचा ड्रिफ्ट तरुणांइतकाच होता. त्यांच्या रेषा लांब होत्या आणि बघण्या-दाबण्याला जास्त वेळ लागत होता. त्यांना कमी कळत नव्हतं, ते जास्त जपून उत्तर देत होते. नुसती सरासरी वेळ पाहून हा फरक कळत नाही. त्यासाठी बरोबर आणि चूक उत्तरांच्या वेळा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

मर्यादा

हे मॉडेल मुख्यतः सेकंद-दीड सेकंदात होणाऱ्या, दोन पर्यायांच्या निर्णयांसाठी आहे. घर घ्यावं की नाही, हे त्यात बसत नाही.