चित्र आलं, रंग नाही आले

२००३ साली मामेभावाने अमेरिकेहून येताना प्लेस्टेशन-२ आणला. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर आणला आणि मगच तो आमच्या जुन्या टीव्हीला जोडला. चित्र आलं, पण कृष्णधवल! प्रवासात बिघडला असं वाटून सगळे हिरमुसले.

खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. अमेरिकेने १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी एनटीएससी पद्धत ठरवली. आपल्याकडे रंग आले १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, आणि ते पाल पद्धतीने. पडद्यावर रेघा ओढण्याचा वेग दोन्हींत जवळजवळ सारखाच आहे, सेकंदाला तिकडे १५,७३४ आणि इकडे १५,६२५. त्यामुळे पाल टीव्हीलाही बहुतेक वेळा चित्र पकडता येतं. रंगाची माहिती मात्र तिकडे ३.५८ मेगाहर्ट्झवर येते आणि आपला टीव्ही ती ४.४३ वर शोधत बसतो. सापडली नाही की तो रंगच बंद करतो. शेजारच्या काकांच्या मल्टिसिस्टिम टीव्हीवर तोच गेम झकास रंगीत दिसला.

तबकड्यांचं तसं नव्हतं. गाण्यांच्या सीडी चालल्या, तिकडचे गेम चालले. इथे विकत घेतलेला पाल गेम मात्र यंत्राने नाकारला, आणि रीजन ५ ची सिनेमाची डीव्हीडीसुद्धा. हे कुलूप मुद्दाम घातलेलं, टीव्ही बदलून ते उघडत नाही. भाऊ परत गेला, आणि आम्ही वर्षभर त्याने आणलेले तीनच गेम खेळत राहिलो.