बिल आहे, पण कर भरलाय का?

व्हॅट म्हटलं की आपल्याकडे लोकांना २००५ आठवतं. पण गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये, आणि तिचा नायक मोरिस लोरे हा चक्क शिक्षणाने इंजिनिअर, नंतर अर्थखात्यात गेलेला. (आपल्या जमातीचा माणूस, त्यामुळे मला जरा जास्तच आवडला!)

त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. प्रत्येक विक्रीवर कर लावला, तर माल जितक्या हातांतून जाईल तितक्यांदा करावर कर चढतो. मग सगळी कामं एकाच छपराखाली करणारी मोठी कंपनी फायद्यात, आणि एकमेकांकडून माल घेणारे छोटे कारखानदार तोट्यात. कच्च्या मालावरच्या कराची वजावट फ्रान्समध्ये १९४८ पासून मिळत होती. १९५४ च्या कायद्याने ती यंत्रसामग्रीवरच्या करालाही मिळाली, आणि व्हॅट जन्माला आला.

आपल्याकडे १९८६ मध्ये केंद्राच्या अबकारी करात हीच कल्पना मॉडव्हॅट नावाने आली आणि १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. आपल्या व्यापाऱ्यांच्या भाषेत या वजावटीचं नाव 'सेट-ऑफ'.

आता हिशोब बघू. सोयीसाठी सगळीकडे १२.५ टक्के दर धरतो. लाकडाच्या वखारवाल्याने सुताराला ४०,००० चं लाकूड विकलं आणि वर ५,००० कर घेतला. सुताराने कपाटं करून ती दुकानदाराला ६४,००० ला विकली, वर ८,००० कर. पण सुतार सरकारला ८,००० भरत नाही. लाकूड घेताना दिलेले ५,००० वजा करून तो ३,००० भरतो. दुकानदार तीच कपाटं गिऱ्हाइकांना ८०,००० ला विकतो, १०,००० कर गोळा करतो, ८,००० वजा करतो आणि २,००० भरतो. बेरीज करा: ५ + ३ + २ = १० हजार. म्हणजे बरोबर शेवटच्या किमतीच्या १२.५ टक्के. मधल्या कुणाच्याही खिशातून काही गेलं नाही, सगळा भार गिऱ्हाइकावर.

व्हॅटचं कौतुक करणारे म्हणतात, की ही साखळी स्वतःवरच पहारा ठेवते, कारण वजावट हवी म्हणून प्रत्येकजण पक्कं बिल मागतो. खरंय. पण नीट बघा, सुताराला गरज आहे ती बिलाची. वखारवाल्याने ते ५,००० तिजोरीत भरले की नाहीत, हे त्याला दिसतच नाही!

समजा वखारवाल्याने पैसे दाबले. सुतार ५,००० ची वजावट घेणारच. सरकारकडे आले फक्त ५,००० आणि कायद्याच्या हिशोबाने यायला हवे होते १०,०००. याच फटीतून महाराष्ट्रात 'हवाला बिलं' आली. माल नाहीच, नुसतं बिल विकायचं, घेणाऱ्याने त्यावर सेट-ऑफ घ्यायचा आणि बिल देणाऱ्याने गायब व्हायचं. विक्रीकर खात्याने मग ऑडिट रिपोर्टातल्या याद्या जुळवायला सुरुवात केली. विकणाऱ्याची गिऱ्हाईकवार यादी म्हणजे जे-१, घेणाऱ्याची विक्रेतावार यादी म्हणजे जे-२. आपण दोन टेबलं जॉईन करतो, तसंच. जे-२ मध्ये आहे पण जे-१ मध्ये नाही, ती रक्कम संशयास्पद.

प्रश्न असा, की सुतार प्रामाणिक असेल तर? माल खरा, बिल खरं, पैसे चेकने दिलेले. महाराष्ट्राच्या कायद्यातलं कलम ४८(५) सांगतं, की तिजोरीत प्रत्यक्ष जमा झालेल्या कराइतकाच सेट-ऑफ मिळेल. म्हणजे सुताराने ५,००० पुन्हा भरायचे! २०१२ मध्ये महालक्ष्मी कॉटन खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. सेट-ऑफ हा मूळचा हक्क नाही, कायद्याने दिलेली सवलत आहे, तेव्हा अटी कायदाच ठरवणार, असा त्यामागचा विचार. उलट २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या व्हॅट कायद्यातल्या तशाच तरतुदीबाबत म्हटलं, की खरा व्यवहार करणाऱ्या खरेदीदाराला ती लावू नका, वसुली विकणाऱ्याकडून करा.

जीएसटीत ही अट कलम १६(२)(सी) म्हणून आलीच. फरक इतकाच, की आता विकणाऱ्याने बिल अपलोड केलं की ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं. पण तिथेही दिसतं ते बिलच. त्या बिलाचा कर खरोखर जमा झाला का, हे त्यातून कळत नाही.

मला तरी दिल्लीचं म्हणणं पटतं. विकणाऱ्याला नोंदणी सरकारने दिली, कर गोळा करायचा अधिकारही सरकारनेच दिला. त्याच्या मागे लागायची साधनं सरकारकडे आहेत, सुताराकडे नाहीत. फार तर तो पुढचं लाकूड दुसऱ्या वखारीतून घेईल.

असो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.