विंडो पिरियड (एचआयव्ही तपासणी)

शरीरात संसर्ग शिरल्यापासून तपासणीत तो दिसू लागेपर्यंतचा काळ. या काळात अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो, पण संसर्ग झालेला असतो आणि तो दुसऱ्याला लागूही शकतो. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार वाढते, त्यामुळे नेमका हाच काळ जास्त धोक्याचा असतो.

हा काळ किती, हे तपासणी काय शोधते यावर ठरते. पहिले दहाएक दिवस कोणत्याच तपासणीला काही सापडत नाही. त्यानंतर रक्तात विषाणूची जनुकीय सामग्री आढळते, मग पी-२४ हे त्याचे प्रथिन आणि शेवटी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. प्रथिन व प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी, शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची तपासणी साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवते. बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या, फक्त प्रतिपिंडे पाहणाऱ्या झटपट तपासणीला २३ ते ९० दिवस लागतात. म्हणून अहवाल हाती आला की तपासणी कोणत्या प्रकारची होती, हे विचारून घ्यावे.

समजा, १ जूनला कंडोमविना संबंध आला. ५ जूनच्या निगेटिव्ह अहवालावरून १ जूनबद्दल काहीच कळत नाही; तो त्याआधीची स्थिती सांगतो. तरीही ही पहिली तपासणी करावी, कारण पुढचे अहवाल तिच्याशी ताडून पाहता येतात. १६ जुलैला ४५ दिवस पूर्ण होतात. तेव्हा चौथ्या पिढीची तपासणी निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरती चिंता जवळपास मिटते. झटपट तपासणी असेल, तर ३० ऑगस्टनंतर पुन्हा करावी. मधल्या काळात पुन्हा जोखीम घडली, तर त्या तारखेपासून नव्याने मोजायचे.

प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे (पेप) सुरू करता येतात. जितक्या लवकर तितके चांगले. तपासणीच्या तारखेची वाट पाहत हा वेळ दवडू नये. ही औषधे २८ दिवस घ्यायची असतात. त्यांच्यामुळे प्रतिपिंडे उशिरा दिसू शकतात. म्हणून पेप घेतलेल्यांनी वरच्या तारखांवर न विसंबता, कोर्स संपल्यावर पुन्हा कधी तपासायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

त्याच प्रसंगातून इतर संसर्गही होऊ शकतात. गनोरिया व क्लॅमिडिया यांची नॅट पद्धतीची तपासणी सुमारे दोन आठवड्यांनी करतात. सिफिलिसची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी करावी. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे बहुधा ८ ते ११ आठवड्यांत दिसतात, पण काहींना सहा महिनेही लागतात. हिपॅटायटिस बीवर लस आहे. ती घेतलेली नसल्यास प्रसंगानंतर लगेच घेतल्यानेही संसर्ग टळू शकतो.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत एचआयव्ही तपासणी मोफत होते. पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली, तरी निदान नक्की करण्यापूर्वी वेगळ्या किटने पुन्हा तपासतात. १०९७ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात.